उत्तराची जागा आधी राखा

१. सांगितलेले विसरते कसे?

चॅटबॉट वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी हा प्रश्न विचारलेला असतो: सुरुवातीलाच सांगितले होते, मग वीस-पंचवीस प्रश्नांनंतर याला त्याचा पत्ताच कसा नाही? त्याच्या जोडीला दुसरी तक्रार येते, की उत्तर छान चालले होते आणि वाक्याच्या मध्येच तुटले. या दोन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण दोन्हींचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. ज्याने तो चॅटबॉट बांधला त्याने जागेची वाटणी नीट केलेली नसते, किंवा केलेलीच नसते.

जागा म्हणजे नेमके काय, ते आधी पाहू. चॅटबॉटच्या आत जे भाषिक मॉडेल असते त्याला मागच्या प्रश्नाची स्वतःहून आठवण नसते. आपण प्रत्येक वेळी नवा प्रश्न टाइप करतो तेव्हा बाहेरचा प्रोग्राम आधीचे संभाषण, मालकाने दिलेल्या सूचना आणि हा नवा प्रश्न असे सगळे एकत्र बांधून मॉडेलपुढे पुन्हा पहिल्यापासून ठेवतो. मॉडेल ते वाचते, उत्तर लिहिते आणि मोकळे होते. पुढच्या प्रश्नाला पुन्हा तोच प्रपंच. एका वेळी मॉडेलपुढे जेवढा मजकूर मावतो त्याला कॉन्टेक्स्ट विंडो म्हणतात. आपण तिला नुसते खिडकी म्हणू. या खिडकीबाहेर राहिलेली गोष्ट मॉडेलच्या दृष्टीने कधी सांगितलेलीच नसते. त्यामुळे ‘विसरले’ हा शब्द तसा चुकीचाच आहे. ती गोष्ट या वेळी पुढे ठेवली गेली नाही, इतकेच.

खिडकी शब्दांत मोजत नाहीत, टोकनांत मोजतात. टोकन म्हणजे मजकुराचा छोटा तुकडा: कधी अख्खा शब्द, कधी अर्धा, कधी एखादे अक्षर. शब्दाचे किती तुकडे पडतात हे त्या मॉडेलच्या तुकडे पाडण्याच्या पद्धतीवर ठरते, आणि मराठीला याची झळ चांगलीच बसत आली आहे. ओपनएआय कंपनीने मे 2024 मध्ये जीपीटी-4ओ हे मॉडेल आणले, तेव्हा एकाच छोट्या परिचयपर मजकुराची वेगवेगळ्या भाषांतील मोजणी प्रसिद्ध केली होती. इंग्रजीत तो मजकूर जुन्या पद्धतीने 27 टोकनांचा होता, नव्या पद्धतीने 24 चा झाला. मराठीत जुन्या पद्धतीने 96 टोकने पडत होती, नव्या पद्धतीने 33. म्हणजे जुन्या मॉडेलची खिडकी कागदावर कितीही मोठी दिसली, तरी मराठी बोलणाऱ्यासाठी ती इंग्रजीवाल्याच्या तुलनेत तिपटीहून लहान होती. म्हणून इंग्रजी पुस्तकांतले वाटणीचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. आपल्या मजकुराची टोकने आपणच मोजावीत.

२. चार हिस्सेदार, आणि त्यांतला न दिसणारा

या खिडकीत चार गोष्टी बसवायच्या असतात. पहिली, कायमच्या सूचना: तू कोण, कोणत्या विषयावर बोलायचे, कोणत्या विषयावर नाही, भाषा कोणती. दुसरी, आठवणीचे तुकडे: या माणसाबद्दल किंवा विषयाबद्दल आधी टिपून ठेवलेल्या आणि आजच्या प्रश्नाशी जुळतात म्हणून साठ्यातून शोधून आणलेल्या नोंदी. तिसरी, ताजे संभाषण, ज्याच्या टोकाला आत्ताचा प्रश्न असतो. चौथी गोष्ट म्हणजे उत्तरासाठी मोकळी सोडलेली जागा, आणि हिचाच लोकांना विसर पडतो. बहुतेक मॉडेलांत उत्तर वेगळ्या कागदावर लिहिले जात नाही. मॉडेल एकेक टोकन लिहिते आणि लिहिलेले प्रत्येक टोकन त्याच खिडकीत भर घालत जाते. शाळेतल्या स्वाध्यायपुस्तिकेत प्रश्न छापलेला असतो आणि त्याखाली उत्तरासाठी रेघा असतात. छापणाऱ्याने उतारा, चित्र, सूचना यांनीच पान भरून टाकले तर मुलाला उत्तर कितीही येत असले तरी लिहायला रेघ उरत नाही. इथे तसेच घडते.

म्हणून या प्रकरणातले म्हणणे असे: वाटणी शेवटाकडून सुरू करावी. आधी उत्तराची जागा राखावी, मग सूचनांची, मग आत्ताच्या प्रश्नाची, आणि उरलेल्यात आठवणी व जुने संभाषण यांना एकमेकांशी झगडू द्यावे. सर्रास चालते ते याच्या उलट. जे जे हाताशी आहे ते आधी भरायचे आणि उरेल त्यात उत्तर बसवायचे.

यावर एक आक्षेप लगेच येतो, की उत्तर किती लांब होईल ते आधी कळतच नाही, मग जागा राखायची कशाच्या आधारावर? कळत नाही हे खरे, पण एखाद्या ठरावीक कामासाठी बांधलेल्या चॅटबॉटची उत्तरे एका पट्ट्यात पडतात. जुनी शे-दोनशे उत्तरे मोजली तर बहुतेक उत्तरे कोणत्या लांबीच्या आत बसतात ते दिसते. त्या लांबीवर थोडी भर घालून राखीव जागा ठरवता येते. इथे एक गैरसमज मात्र टाळायला हवा. मॉडेलला विनंती पाठवताना उत्तराची कमाल लांबी लिहायची सोय असते. अनेक ठिकाणी तिचे नाव `max_tokens` असे दिसते. ती मॉडेलला दिलेली सूचना नसून नुसती कात्री असते. आपल्याला किती जागा दिली आहे हे मॉडेलला त्या आकड्यावरून कळत नाही. ते आपल्या चालीने लिहीत जाते आणि मर्यादा आली की मजकूर तोडला जातो. म्हणून थोडक्यात उत्तर हवे असेल तर ते सूचनांमध्ये शब्दांत सांगावे लागते, आणि कात्रीचा आकडा त्याहून सैल ठेवावा लागतो. काही नवी मॉडेले उत्तरापूर्वी आपल्याशी विचार लिहून काढतात. तो मजकूर वाचणाऱ्याला दिसो वा न दिसो, तो याच जागेतून खर्च होतो, आणि राखीव जागा बेताचीच असेल तर सगळी जागा विचारातच संपून उत्तर कोरे येते.

३. एक हिशेब

आता एक काल्पनिक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा, एका सहकारी दूध संघाने सभासदांसाठी मराठी चॅटबॉट बांधला आहे. मॉडेल संघाच्या स्वतःच्या संगणकावर चालते आणि खिडकी 8,192 टोकनांची आहे. संघाच्या मजकुरात एका शब्दाला सरासरी तीन टोकने पडतात, असे मोजून आढळले आहे. उत्तरे साधारण अडीचशे शब्दांच्या आत असतात. म्हणजे 750 टोकने, वर थोडी सैल जागा धरून 900. सूचना तीनशे शब्दांच्या, म्हणजे आणखी 900. आत्ताच्या प्रश्नासाठी 400. मोजणीतली तफावत आणि संदेशांच्या आजूबाजूला जाणारी चिन्हे यांच्यासाठी 192 शिल्लक ठेवली. हे सगळे मिळून 2,392 झाले आणि उरली 5,800 टोकने.

या 5,800 मध्ये आठवणी आणि जुने संभाषण बसवायचे. एक नोंद चाळीस शब्दांची, वर तारीख आणि शीर्षक, अशी 150 टोकनांची आहे. जास्तीत जास्त बारा नोंदी घ्यायच्या ठरवल्या तर 1,800 टोकने गेली आणि संभाषणाला 4,000 उरली. एक प्रश्न आणि त्याचे उत्तर मिळून सुमारे 400 टोकने होतात. म्हणजे मागच्या दहा फेऱ्या जशाच्या तशा ठेवता येतात. इथपर्यंत सगळे गुळगुळीत चालते, कारण कोणीच हद्द ओलांडलेली नाही.

अकराव्या फेरीत एक सभासद आपले दहा दिवसांचे दुधाचे बिल चिकटवतो. सकाळ-संध्याकाळच्या वीस ओळी, प्रत्येकीत तारीख, लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर. त्याला जाणून घ्यायचे आहे की गायीच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफचा दर त्याने धरला होता, त्यापेक्षा रक्कम कमी का आली. एका ओळीला 30 टोकने धरली तर बिलच 600 चे झाले, प्रश्नाचे शब्द 100. ठरवलेल्या 400 ऐवजी 700. उत्तरही ओळीओळीने द्यायचे असल्याने 900 पुरणार नाहीत, 1,200 लागतील. एकूण 600 टोकने कमी पडली. ती कोणाकडून घ्यायची?

सूचनांकडून घेता येत नाहीत. त्यातच लिहिलेले आहे की दराची कपात कोणत्या तक्त्याने करायची. ताज्या फेऱ्या कापायच्या, तर आधीच्याच प्रश्नात सभासदाने सांगितले असेल की मधले तीन दिवस संकलन केंद्राचे यंत्र बंद होते. आठवणींकडे पाहिले तर बारा नोंदींपैकी चार त्याच्या जनावरांच्या लसीकरणाच्या आहेत. ‘गाय’ हा शब्द जुळला म्हणून त्या शोधात वर आल्या, पण बिलाशी त्यांचा काही संबंध नाही. त्या चार काढल्या की नेमकी 600 टोकने मोकळी होतात. नोंदींची संख्या बारा ही कमाल होती, हक्क नव्हता. आधीपासूनच जुळणीची एक किमान पायरी ठेवली असती तर त्या चार नोंदी आत आल्याच नसत्या, आणि खरे तर तीच पद्धत चांगली: कमाल संख्या आणि किमान जुळणी या दोन्ही अटी पुऱ्या करणाऱ्या नोंदीच घ्याव्यात. शोधात तीनच नोंदी कामाच्या निघाल्या, तर तीनच द्याव्यात. जागा आहे म्हणून भरू नये.

बाराव्या फेरीत खरी अडचण येते, आणि ती पुष्कळांना दिसत नाही. बिल आणि त्याचे उत्तर आता जुने संभाषण झाले. एकट्या त्या फेरीने 1,900 टोकने घेतली, म्हणजे संभाषणाच्या 4,000 पैकी जवळजवळ निम्मी. ‘शेवटच्या दहा फेऱ्या ठेवा’ असा नियम लिहिलेला असेल तर तो इथे फुटतो, कारण फेऱ्या सारख्या लांबीच्या नसतात. मोजायची ती टोकने. बिलाची फेरी आणि तिच्याआधीच्या चार फेऱ्या ठेवल्या तर 3,500 होतात. त्याआधीच्या सहा बाहेर जातात आणि त्यांच्या जागी 300 टोकनांचा सारांश बसतो. एकूण 3,800. उरलेली 200 पुढच्या फेरीला कामी येतात. बाहेर काढताना प्रश्न आणि उत्तर जोडीनेच काढावे. प्रश्न गेला आणि उत्तर राहिले, तर मॉडेलपुढे कशाचे उत्तर ते न कळणारा एक परिच्छेद लोंबकळत राहतो आणि ते त्याचा भलताच अर्थ लावते.

४. सारांशावर किती भिस्त ठेवावी

असे म्हणता येईल की सगळेच जुने संभाषण सारांशात घातले तर ही ओढाताण राहणारच नाही. मोह पडण्यासारखाच उपाय आहे, पण त्याची किंमत मोजून पाहिली पाहिजे. सारांशात मुद्दा उरतो आणि आकडा जातो. ‘सभासदाने फॅट कमी लागल्याची तक्रार केली’ हे वाक्य शिल्लक राहते, 3.5 ऐवजी 3.2 लागला आणि तो कोणत्या तीन दिवशी, हे गळते. बिलाच्या भांडणात तर तोच ऐवज असतो. शिवाय सारांशाचा पुन्हा सारांश करत गेले की ‘कदाचित’ आणि ‘अजून ठरले नाही’ असे शब्द आधी गळतात आणि शंका म्हणून बोललेली गोष्ट चार फेऱ्यांनी ठाम वस्तुस्थिती होऊन बसते. यावर तोड अशी: नावे, तारखा, रकमा आणि झालेले निर्णय सारांशात न मिसळता वेगळ्या ओळींत जसेच्या तसे ठेवायचे, आणि नवा सारांश जुन्या सारांशावरून न करता शक्य तेव्हा मूळ संभाषणावरून करायचा. मूळ संभाषण खिडकीबाहेर गेले तरी संगणकाच्या साठ्यात असतेच.

आठवणींच्या नोंदींनाही एक वेगळा रोग होतो, तो शिळेपणाचा. सभासदाची म्हैस विकली गेली हे आजच्या संभाषणात आले, आणि साठ्यातून आलेली दोन वर्षांपूर्वीची नोंद सांगते की त्याच्याकडे दोन म्हशी आहेत. मॉडेलपुढे दोन्ही वाक्ये सारख्याच अक्षरांत आहेत. कोणते नवे ते त्याला आपोआप कळत नाही. प्रत्येक नोंदीवर तारीख घालायला आठ-दहा टोकने जातात, पण ती सत्कारणी लागतात. आणि विरोध आला तर ताज्या संभाषणाला मान द्यावा, ही ओळ सूचनांमध्ये असावी.

५. ‘आता खिडक्या मोठ्या झाल्या की’

सर्वांत वजनदार आक्षेप हा आहे. 2019 च्या जीपीटी-2 ची खिडकी 1,024 टोकनांची होती, 2020 च्या जीपीटी-3 ची 2,048. फेब्रुवारी 2024 मध्ये गूगलने जेमिनाय 1.5 प्रो जाहीर केले ते दहा लाख टोकनांच्या खिडकीसह. मग ही 600 टोकनांची घासाघीस कशासाठी? सगळे आत टाका आणि मॉडेलला निवडू द्या.

याला दोन उत्तरे आहेत. पहिले पैशाचे आणि वेळेचे. मागचे सगळे दर फेरीला पुन्हा पाठवावे लागते, त्यामुळे खर्च फेऱ्यांच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून वेगाने वाढतो. फेरीला 400 टोकने धरून पन्नास फेऱ्या काहीही न कापता केल्या, तर नुसत्या संभाषणाची मिळून 5,10,000 टोकने वाचावी लागतात. तेच 4,000 वर बांध घातला तर पहिल्या दहा फेऱ्यांची 22,000 आणि पुढच्या चाळीस फेऱ्यांची 1,60,000, म्हणजे एकूण 1,82,000. आरंभीचा न बदलणारा भाग एकदा वाचून त्याचे काम जपून ठेवण्याची सोय आता बऱ्याच सेवांमध्ये असते आणि तिने हा खर्च उतरतो, हे मान्य केले पाहिजे. पण ती सोय आरंभीचा मजकूर अक्षरशः तोच असेल तरच लागू पडते. सूचनांच्या लगेच खाली दर फेरीला बदलणाऱ्या नोंदी घातल्या, तर त्यांच्या पुढचे सगळे पुन्हा वाचावे लागते. म्हणून सूचना वर, मग संभाषण, आणि नोंदी आत्ताच्या प्रश्नाच्या अगदी आधी, असा क्रम पुष्कळदा स्वस्त पडतो.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे. मावणे आणि वापरले जाणे यांत फरक आहे. नेल्सन लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2023 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच प्रश्नासोबत अनेक उतारे द्यायचे, त्यांतल्या एकातच उत्तर असते, आणि तो उतारा कधी सुरुवातीला, कधी मध्ये, कधी शेवटी ठेवायचा. तपासलेल्या मॉडेलांना उत्तर टोकांना असताना ते चांगले सापडत होते. मध्यभागी असताना कामगिरी लक्षणीय घसरत होती. त्यानंतरची मॉडेले सुधारली आहेत, पण बिनकामाचा मजकूर वाढवला तर कामाचा मजकूर सापडणे अवघड होते, हा धडा मोठ्या खिडकीने रद्द झालेला नाही. लसीकरणाच्या त्या चार नोंदी दहा लाखांच्या खिडकीतही काढून टाकण्यासारख्याच आहेत.

मोठ्या खिडकीने एक गोष्ट मात्र बदलते, आणि त्यामुळेच टक्केवारीने वाटणी करणे मला पटत नाही. सूचनांना 11 टक्के, उत्तराला 11 टक्के असा कायदा केला आणि खिडकी 8,192 वरून 32,768 झाली, तर सूचनांना साडेतीन हजारांहून अधिक टोकने मिळतील. सांगण्यासारखे मात्र तेवढेच आहे, 900 चे. जागा आहे म्हणून सूचना फुगवल्या की त्या एकमेकींना छेद देऊ लागतात. सूचना आणि उत्तर यांची गरज कामावर ठरते, खिडकीवर नाही. वाढलेली जागा जावी ती संभाषणाला. तसेच संभाषणाच्या पहिल्या फेरीत इतिहास शून्य असतो. तेव्हा त्याचे 4,000 रिकामे ठेवून नोंदींना कमाल बारावरच अडवणे हा हट्ट झाला. जुळणाऱ्या नोंदी असतील तर पंधरा घ्याव्यात, आणि संभाषण वाढेल तशी ती उधारी परत करावी.

६. कोण उपाशी राहिले ते कसे ओळखावे

चारही हिस्सेदारांची उपासमार वेगवेगळी दिसते. उत्तराला जागा कमी पडली तर ते मध्येच तुटते. अशा वेळी अनेक सेवांच्या प्रतिसादात `finish_reason` च्या पुढे `stop` ऐवजी `length` आलेले असते, त्यामुळे हे मोजायला सर्वांत सोपे. सूचना कापल्या गेल्या तर चॅटबॉट अचानक इंग्रजीत उत्तर देऊ लागतो किंवा नको त्या विषयावर मोकळेपणाने बोलतो. हे बहुधा लांब संभाषणातच होते, कारण काही प्रोग्राम खिडकी भरली की काहीही न सांगता सर्वांत जुना मजकूर वरून कापतात, आणि सर्वांत वर सूचनाच असतात. ताजे संभाषण कमी पडले तर ‘मग त्याचे काय?’ यातला ‘तो’ कोण हे मॉडेलला कळत नाही. आठवणी कमी पडल्या तर सभासदाला आपला खातेक्रमांक आणि गावाचे केंद्र पुन्हा पुन्हा सांगावे लागते. फार झाल्या तर विचारलेल्या बिलाऐवजी लसीकरणाची आठवण करून दिली जाते.

दूध संघाच्या चॅटबॉटची तपासणी करायची तर प्रत्येक फेरीत चार हिस्स्यांची टोकने नोंदवून ठेवावीत आणि काही संभाषणे मुद्दाम रचावीत: पहिल्या फेरीत म्हैस विकल्याचे सांगायचे, मध्ये दोन लांब बिले चिकटवायची आणि विसाव्या फेरीत जनावरे किती ते विचारायचे. उत्तर चुकले तर त्या फेरीची नोंद काढून पाहायचे, की म्हशीचे वाक्य मॉडेलपुढे होते की नव्हते. नव्हते, तर दोष सारांशाचा किंवा वाटणीचा. होते आणि तरी चुकले, तर ते कुठल्या जागी, किती गर्दीत पडले होते ते पाहायचे. मग नोंदींची कमाल बारावरून सहावर आणून तीच संभाषणे पुन्हा चालवायची. उत्तरे तितकीच बरोबर आली, तर मोकळी झालेली 900 टोकने म्हणजे संभाषणाच्या आणखी दोन फेऱ्या, आणि वर 100 उरतात.